झटक्यानंतर तीन औषधांची एकच कॅप्सूल: कुणाला आणि कशी द्यावी

प्रश्न: तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेले, स्टेंट बसवलेले रुग्ण सहा-आठ महिन्यांत निम्म्या गोळ्या सोडून देतात. कुणाला परवडत नाहीत, कुणाला कंटाळा येतो. अॅस्पिरिन, स्टॅटिन आणि रॅमिप्रिल एकत्र असलेली एकच कॅप्सूल अशांना द्यावी का, की ती उपचारातली तडजोड ठरेल?

उत्तर:

द्यावी, आणि तिला तडजोड समजू नये. मात्र ती कोणासाठी आहे हे आधी ठरवावे लागते, आणि तिन्ही औषधे एकत्र आल्यामुळे जशी ती एकत्र घेतली जातात तशीच ती एकत्र बंदही होतात, हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवून तयारी करावी लागते. माझे उत्तर मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे, कारण कॅप्सूल लिहून देणे सोपे असते आणि खरे प्रश्न त्यानंतर उभे राहतात.

आधी पुराव्याविषयी थोडक्यात सांगतो. माद्रिदच्या राष्ट्रीय हृदयविकार संशोधन केंद्रातील डॉ. व्हॅलेंटिन फुस्टर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ‘सिक्युअर’ या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांच्या आत झटका येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार वयस्क युरोपीय रुग्णांपैकी निम्म्यांना अॅस्पिरिन १०० मिलिग्रॅम, अॅटोर्व्हास्टॅटिन २० किंवा ४० आणि रॅमिप्रिल २.५, ५ किंवा १० अशी कॅप्सूल देण्यात आली. उरलेल्यांना नेहमीचे सुटे उपचार मिळाले. सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा झटका, रक्तपुरवठा तुटल्याने होणारा पक्षाघात किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांपैकी काहीतरी सुट्या गोळ्यांच्या गटात १२.७ टक्के रुग्णांना झाले, तर कॅप्सूलच्या गटात ९.५ टक्के रुग्णांना. म्हणजे शंभर रुग्णांमागे तीन वर्षांत साधारण तीन घटना टळल्या. सर्व कारणांनी झालेले एकूण मृत्यू मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते, आणि कोण काय घेत आहे हे रुग्णांना व डॉक्टरांना ठाऊक होते. या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या नातेवाइकांना फायदा समजावून सांगताना आपल्या मनात असाव्यात. दोन्ही गटांतील रक्तदाब आणि एलडीएल कोलेस्टेरॉल यांतही उल्लेखनीय फरक नव्हता. नियमितपणा मात्र कॅप्सूलच्या गटात स्पष्टपणे अधिक होता.

आपल्या कामाला त्याहून अधिक जवळची वाटते ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अम्पायर’ चाचणी, कारण तिच्यात भारतातील रुग्ण होते. त्या चाचणीच्या अखेरीस एकत्रित गोळीच्या गटातील ८६ टक्के रुग्ण औषधे नियमित घेत होते, तर सुट्या औषधांच्या गटातील ६५ टक्के. खरा धडा तिच्या एका उपगटात आहे. जे रुग्ण चाचणीत येण्यापूर्वीच औषधांत अनियमित होते, त्यांच्यातील ७७ टक्के एकत्रित गोळीवर नियमित झाले. सुट्या गोळ्यांवर हेच प्रमाण केवळ २३ टक्के राहिले. जो आधीपासून सगळ्या गोळ्या नेमाने घेतो त्याला कॅप्सूलने फारसे नवे काही मिळत नाही. जो सोडून बसला आहे त्याला पुष्कळ मिळते. म्हणून माझा नियम असा आहे की नियमित घेणाऱ्या, ४० किंवा ८० मिलिग्रॅम अॅटोर्व्हास्टॅटिनवर एलडीएल आटोक्यात असलेल्या रुग्णाच्या सुट्या गोळ्यांना हात लावायचा नाही. कॅप्सूल ही मुख्यतः औषध तुटलेल्या किंवा तुटण्याच्या बेतात असलेल्या रुग्णासाठी आहे.

औषध तुटले आहे हे ओळखण्यासाठी मी ‘गोळ्या घेता ना?’ असे कधीच विचारत नाही, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगतो, प्रत्येक पट्टी हातात घेऊन ‘ही शेवटची कधी घेतली? गेल्या आठवड्यात किती दिवस चुकली?’ असे विचारतो आणि उरलेल्या गोळ्या मोजतो. एलडीएलची तपासणीही बोलकी असते. अॅटोर्व्हास्टॅटिन अगदी १० मिलिग्रॅम घेतली तरी एलडीएल तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खाली यायला हवे. ते तसूभरही हलले नसेल, तर मात्रा वाढवण्याआधी गोळी पोटात जाते आहे का हे पाहावे.

आता आपल्याकडे सर्वांत अधिक होणारी चूक सांगतो. भारतात एकत्रित औषधांची रेलचेल आहे. अँजिओप्लास्टीनंतर रुग्णाला घरी पाठवताना बहुतेक वेळा अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल किंवा अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल-अॅटोर्व्हास्टॅटिन अशी कॅप्सूल आधीच लिहिलेली असते. तिच्यावर आपण ही तीन औषधांची कॅप्सूल दिली, तर अॅस्पिरिन दुप्पट होते आणि स्टॅटिनही नकळत दोनदा जाते. नावे वेगवेगळी असल्यामुळे रुग्णाच्या काहीच लक्षात येत नाही, आणि काही आठवड्यांनी तो पित्ताची किंवा काळ्या शौचाची तक्रार घेऊन येतो. स्टेंटनंतरच्या पहिल्या वर्षात, हृदयरोगतज्ज्ञांनी दोन रक्त पातळ करणारी औषधे सांगितली असतील तोवर, तीन औषधांच्या कॅप्सूलबरोबर केवळ साधी क्लोपिडोग्रेल ७५ द्यावी. टिकाग्रेलोर चालू असेल तर अॅस्पिरिन दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, हेही इथेच सांभाळावे लागते. जुन्या पट्ट्या मी रुग्णासमोर पिशवीतून काढून बाजूला ठेवतो आणि त्या परत घरी जाऊ देत नाही.

दुसरी अडचण स्टॅटिनच्या मात्रेची आहे. झटका येऊन गेलेल्या माणसाला तीव्र मात्रेचे स्टॅटिन हवे असते, म्हणजे अॅटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८०. आपल्या बाजारात मिळणाऱ्या तीन औषधांच्या कॅप्सूलमध्ये अनेकदा अॅटोर्व्हास्टॅटिन केवळ १० मिलिग्रॅम असते. खोक्यावर औषधांची नावे बरोबर दिसतात, पण स्टॅटिनची ताकद अपुरी असते. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली की एलडीएल आणखी साधारण सहा टक्केच उतरते. त्यामुळे १० चे २० केल्याने मोठा फरक पडत नाही, आणि कमी पडणारी कसर इझेटिमाइबसारखे दुसरे औषध जोडून भरून काढणे अनेकदा सोपे पडते. ते कसे करायचे, हे एका रुग्णाच्या उदाहरणावरून सांगतो.

अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी होते. त्यांच्या हृदयाच्या खालच्या भागाला झटका येऊन उजव्या धमनीत स्टेंट बसवला होता. अँजिओप्लास्टी सरकारी योजनेतून झाली, पण त्यानंतरच्या महिनोन्‌महिन्यांच्या गोळ्या खिशातून आणायच्या होत्या. चौदा महिन्यांनी ते माझ्याकडे आले ते पाठदुखीसाठी. पिशवीत सात प्रकारच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि प्रत्यक्षात चालू होत्या दोनच: मेटोप्रोलोल आणि पॅन्टोप्राझोल. मी विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले, “या दोघींचा गुण कळतो डॉक्टर. एकीनं धडधड थांबते, एकीनं जळजळ. बाकीच्यांनी काय होतं ते कळतच नाही, मग पैसे कशाला घालायचे?” झटक्यानंतर ज्या गोळ्या जीव वाचवतात त्यांचा कोणताही गुण माणसाला जाणवत नाही, आणि हात आखडला की आधी त्याच सुटतात. हे इतके स्पष्टपणे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

त्यांचा रक्तदाब १५२/९० होता, एलडीएल १३८, क्रिॲटिनिन १.०, पोटॅशियम ४.४, आणि इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ५५ टक्के. स्टेंटला वर्ष उलटून गेलेले असल्यामुळे क्लोपिडोग्रेलची गरज उरली नव्हती. हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून पक्के केले. पहिले दोन आठवडे मी मुद्दाम सुटी औषधे दिली: अॅस्पिरिन ७५, अॅटोर्व्हास्टॅटिन १०, रॅमिप्रिल २.५. कारण असे की रॅमिप्रिलने चक्कर आली किंवा मूत्रपिंडावर ताण आला, तर दोष नेमका कोणाचा हे कळायला हवे. पहिल्याच दिवशी कॅप्सूल दिली आणि तिच्यावर ‘बाधली’ असा शिक्का बसला, तर तो पुसणे फार कठीण जाते. दोन आठवड्यांनी क्रिॲटिनिन १.२ आले. मूळ आकड्याच्या तीस टक्क्यांपर्यंतची वाढ रॅमिप्रिल सुरू केल्यावर चालते, त्याहून अधिक झाली किंवा पोटॅशियम ५.५ च्या वर गेले तर थांबून कारण शोधावे लागते. त्यांचे पोटॅशियम ४.७ होते. मग त्यांना अॅस्पिरिन ७५, अॅटोर्व्हास्टॅटिन १० आणि रॅमिप्रिल ५ असलेली कॅप्सूल सुरू केली, सकाळच्या न्याहारीनंतर. अॅटोर्व्हास्टॅटिनचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे ती रात्रीच घेतली पाहिजे असे नाही. सिम्व्हास्टॅटिन असलेल्या जुन्या मिश्रणांची गोष्ट वेगळी.

त्यानंतर यादी छाटली. पंपिंग चांगले होते, छातीत दुखत नव्हते, झटक्याला वर्ष झाले होते, म्हणून मेटोप्रोलोल तीन आठवड्यांत हळूहळू उतरवून बंद केली. ती एकदम तोडायची नसते, हे त्यांच्या पत्नीलाही समजावून सांगितले. आता एकटी अॅस्पिरिन होती, अल्सरचा पूर्वेतिहास नव्हता, वय साठीच्या आत होते, म्हणून पॅन्टोप्राझोलही थांबवली. तीन महिन्यांनी रक्तदाब १३४/८२ आणि एलडीएल ८८ आले. कॅप्सूल खरोखर घेतली जात होती, हे या ८८ वरून कळले. तेव्हा अॅटोर्व्हास्टॅटिन १० आणि इझेटिमाइब १० एकत्र असलेली एक गोळी जोडली. पुढच्या तपासणीत एलडीएल ६४ आले. मार्गदर्शक सूचना ५५ च्या खाली जायला सांगतात, हे मला ठाऊक आहे, आणि तिसरी गोळी वाढवून तिथे पोहोचता आले असते. पण सातवरून दोनवर आलेली आणि दररोज घेतली जाणारी यादी मी त्या नऊ आकड्यांसाठी त्या वेळी धोक्यात घातली नाही. हा माझा निर्णय आहे. मधुमेह असता किंवा दुसरा झटका असता तर मी वेगळा घेतला असता.

राहिली पाठदुखी. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या रॅमिप्रिलबरोबर मूत्रपिंडाला आणि अॅस्पिरिनबरोबर जठराला घातक ठरतात, तर आयबुप्रोफेन अॅस्पिरिनचा परिणामच अडवू शकते. शेतात राबणाऱ्या माणसाला अंगदुखीची गोळी दुकानातून सहज मिळते, म्हणून ‘दुखले तर पॅरासिटामॉल, दुसरे काही नाही’ हे वाक्य मी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहितो. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकले जाणारे मीठही या रुग्णांनी टाळावे. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि रॅमिप्रिल चालू असताना, विशेषतः मूत्रपिंड अशक्त असेल तर, रक्तातील पोटॅशियम धोकादायकपणे वाढू शकते.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो: तिघांपैकी एकाच औषधाची तक्रार आली की रुग्ण तिन्ही बंद करतो. हे तीन प्रसंगी घडते, आणि प्रत्येकाची वाट आधीच ठरवून ठेवावी लागते.

पहिला प्रसंग खोकल्याचा. रॅमिप्रिल आणि त्याच्या भावंडांमुळे दहापैकी साधारण एकाला, आणि आशियाई लोकांत त्याहूनही अधिक जणांना, कोरडा खोकला येतो. घशात काहीतरी वळवळल्यासारखे वाटते, कफ नसतो, आडवे पडल्यावर वाढतो. तो पहिल्या आठवड्यात येऊ शकतो, तसाच काही महिन्यांनीही. माझ्या एका साठी ओलांडलेल्या रुग्णबाईंनी खोकल्यासाठी दोन बाटल्या औषध संपवले, मग शेजारणीच्या सांगण्यावरून कॅप्सूल बंद केली, खोकला थांबला, आणि त्या समाधानाने तीन महिने काहीच न घेता राहिल्या. स्टेंट असलेल्या बाईने तीन महिने अॅस्पिरिनही घेतली नाही, हे मला नातवाच्या लसीकरणासाठी त्या आल्या तेव्हा कळले. त्यांना काही झाले नाही, हे नशीब. चूक माझी होती: खोकल्याबद्दल मी त्यांना काहीच सांगितले नव्हते. आता कॅप्सूल देतानाच सांगतो की कोरडा खोकला लागला तर बंद न करता त्याच आठवड्यात माझ्याकडे या, तुमच्यासाठी दुसरी जोडी आहे. ती जोडी म्हणजे अॅस्पिरिन-अॅटोर्व्हास्टॅटिनची एकत्रित कॅप्सूल आणि वेगळी टेल्मिसार्टन. रॅमिप्रिल थांबवल्यावर खोकला एक ते चार आठवड्यांत जायला हवा. मात्र दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला आपल्या देशात थुंकी तपासल्याशिवाय औषधाच्या माथी मारू नये. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर ती गोष्ट निराळी आणि तातडीची: रॅमिप्रिल त्याच क्षणी कायमचे बंद.

दुसरा प्रसंग जुलाब-उलट्यांचा. शरीरातील पाणी कमी झाले असताना रॅमिप्रिल चालू राहिले तर रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंड थकते, म्हणून ते त्या दिवसांत थांबवावे लागते. पण कॅप्सूल थांबवली की अॅस्पिरिनही थांबते. त्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या घरी साध्या अॅस्पिरिन ७५ ची एक पट्टी ठेवायला सांगतो. जुलाब किंवा उलट्या चालू असतील त्या दिवशी कॅप्सूल नाही, काहीतरी खाऊन तेवढी एक अॅस्पिरिन; खाणेपिणे आणि लघवी पूर्ववत झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅप्सूल. दोन दिवसांत सुधारणा नसेल तर दवाखाना.

तिसरा प्रसंग दात काढण्याचा. ‘रक्त पातळ होण्याची गोळी बंद करून या’ असे सांगितले गेले की रुग्ण सगळी कॅप्सूल आठवडाभर बाजूला ठेवतो, आणि पुष्कळदा ती परत सुरूच होत नाही. साधा दात काढण्यासाठी अॅस्पिरिन बंद करावी लागत नाही. जखमेवर दाब दिला की रक्त थांबते. मी दंतवैद्यांसाठी दोन ओळींची चिठ्ठी देतो, आणि मोठी शस्त्रक्रिया असेल तर मला विचारल्याशिवाय काही थांबवू नये असे त्यात लिहितो.

काहींना ही कॅप्सूल मुळातच देता येत नाही. गर्भधारणेची शक्यता असलेली स्त्री, पूर्वी रॅमिप्रिलसारख्या औषधाने चेहरा सुजलेला रुग्ण, मेंदूत रक्तस्राव झालेला, चालू अल्सर असलेला, अॅस्पिरिनने दमा उसळणारा किंवा पोटॅशियम आधीच चढलेला रुग्ण यांना सुटी औषधेच निवडून द्यावीत.

खर्चाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कॅप्सूल नेहमीच स्वस्त असते असे नाही. जनऔषधी केंद्रातील तिन्ही सुट्या गोळ्या मिळून काही वेळा नामांकित कंपनीच्या कॅप्सूलपेक्षा कमी पैशांत येतात. म्हणून आपल्या गावच्या दुकानांत दोन्हींचा महिन्याचा हिशेब प्रत्यक्ष काढून पाहावा आणि तो रुग्णासमोर मांडावा. त्या हिशेबात एसटीचे भाडे आणि बुडालेली रोजंदारीही धरावी. रुग्ण स्थिर झाला की मी तीन महिन्यांचे औषध एकदम लिहितो, कारण फेरी वाचली की औषध टिकते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मिश्रणांचा अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत समावेश केला, पण आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ती कॅप्सूल येणे ही त्यापुढची गोष्ट आहे. सुट्या गोळ्या तिथे मोफत मिळत असतील आणि रुग्ण त्या घेत असेल, तर विकतच्या कॅप्सूलचा आग्रह धरू नये.

साठवणीचाही विचार करावा. अॅस्पिरिन आणि रॅमिप्रिल एकमेकांच्या सान्निध्यात, ओलावा लागला की लवकर खराब होतात; म्हणूनच या औषधांच्या अनेक कॅप्सूलमध्ये प्रत्येक औषध वेगळ्या वेष्टनाच्या छोट्या गोळीच्या रूपात असते. ती उघडून पूड पाण्यात घालू नये, आणि पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नये, विशेषतः पावसाळ्यात कोकणासारख्या दमट भागात. पट्टी उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर अॅस्पिरिन विघटित होऊ लागली आहे असे समजून ती पट्टी टाकावी.

शेवटचे म्हणजे दुकानात कॅप्सूल संपलेली असण्याचा दिवस. तो प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येतोच, आणि त्या दिवशी दुकानदार नावाशी मिळतेजुळते दुसरेच मिश्रण देतो किंवा ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतो. यासाठी मी चिठ्ठीच्या मागे मराठीत लिहून देतो: ‘ही कॅप्सूल न मिळाल्यास अॅस्पिरिन ७५, अॅटोर्व्हास्टॅटिन १०, रॅमिप्रिल ५, तिन्ही सुट्या, रोज एकेक, दुसरे कोणतेही मिश्रण नको.’ वर सांगितलेल्या शेतकऱ्यांनी ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रेशनकार्डाबरोबर ठेवली आहे, आणि गेल्या दिवाळीत दुकानात साठा संपला तेव्हा त्यांच्या मुलाने तीच दाखवून सुट्या गोळ्या आणल्या.